‘फुल अँड फायनल’चा ढीग मोडताना: कुपवाडच्या कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीतील एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस म्हणून 1 ऑगस्ट 2016 रोजी रुजू झाले आणि 31 मार्च 2023 रोजी तेथील काम सोडले. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला दुसरी नोकरी मिळाली होती, म्हणून मी 28 फेब्रुवारीला ईमेलने राजीनामा पाठवला आणि त्याच पत्राची छापील प्रत टाइम ऑफिसमध्ये देऊन पोच घेतली. माझ्या नेमणूकपत्रात एक महिन्याची पूर्वसूचना लिहिलेली होती आणि ती मी पूर्ण केली. तरीही मार्चचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचा दाखला यांपैकी काहीही मला वेळेवर मिळाले नाही. हे सर्व पुढे मिळाले, पण ज्या क्रमाने मिळाले तो क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो समजला असता तर माझ्यासोबत बाहेर पडलेल्या इतर दोघांनी थोड्या रकमेवर समाधान मानून सही केली नसती, असे मला आजही वाटते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एप्रिलमध्ये मी चौकशीला गेले तेव्हा मनुष्यबळ विभागातील साहेबांनी एक छापील हिशेब पुढे ठेवला. त्यात मार्चचा पगार 21,400 रुपये, 24 दिवसांच्या शिल्लक रजेचे 19,752 रुपये आणि ग्रॅच्युइटीचे 52,500 रुपये अशी एकूण 93,652 रुपयांची बेरीज होती. पीएफ आणि व्यवसाय कराची कपात वेगळी होती, ती मी सोपेपणासाठी येथे बाजूला ठेवते. बेरजेच्या खाली दोन वजाबाक्या होत्या. पहिली, कंपनीच्या नव्या धोरणानुसार पूर्वसूचना तीन महिन्यांची असून मी दोन महिने कमी दिले, म्हणून 42,800 रुपये. दुसरी, एक डिजिटल मायक्रोमीटर परत आला नाही, म्हणून 9,500 रुपये. उरलेले 41,352 रुपये घेऊन, ‘माझा संपूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ या कागदावर सही करायची होती. “सही केलीत की अनुभवाचा दाखला लगेच मिळेल, मॅडम, नाहीतर वरून मंजुरी येत नाही,” असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता.

मी तो कागद घेऊन घरी आले आणि आमच्या गल्लीतील अण्णांना दाखवला. अण्णांनी एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य घालवले आहे. त्यांनी हिशेब एकदाच वाचला आणि म्हणाले, “पोरी, या तीन रकमा एका ढिगात घातल्यात म्हणून तुला कळत नाहीये. त्या वेगळ्या कर. प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे आणि दारही वेगळं आहे.” मग त्यांनी कागदाच्या मागेच गणित मांडले. पगार आणि रजेचे पैसे मिळून 41,152 रुपये होतात. कंपनी म्हणते त्या दोन्ही वजावटी मिळून 52,300 रुपये होतात. म्हणजे कंपनीची सगळी मागणी खरी धरली तरी ती पगार आणि रजेच्या रकमेत मावत नाही. 11,148 रुपये ग्रॅच्युइटीतून कापले गेले आहेत. आणि ग्रॅच्युइटीला नोटिशीच्या पैशासाठी हात लावता येत नाही.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. तेव्हा लागू असलेल्या उपदान प्रदान अधिनियम 1972 नुसार ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे मोजकीच होती. कर्मचाऱ्याला काढून टाकले असेल, आणि तेही त्याने हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने मालमत्तेचे नुकसान केले म्हणून असेल, तर त्या नुकसानाच्या मर्यादेपर्यंत. किंवा दंगा, हिंसा अथवा नैतिक अधःपतनाच्या अपराधासाठी काढले असेल, तर पूर्ण किंवा अंशतः. या सगळ्याला बडतर्फीची पूर्वअट आहे. मी स्वतः राजीनामा दिला होता आणि तो स्वीकारला गेला होता, त्यामुळे यातील एकही कारण माझ्या बाबतीत उभे राहत नव्हते. पूर्वसूचना अपुरी असल्याचा वाद कंपनीला घालायचा असेल तर तो पगारापुरता घालता येईल. ग्रॅच्युइटी त्या वादाच्या बाहेर आहे. म्हणून मी आधी ग्रॅच्युइटी वेगळी काढून मागायची असे ठरवले.

रकमेबद्दल मात्र कंपनीचे गणित बरोबर होते. ग्रॅच्युइटी तेव्हा एकूण पगारावर नव्हे, मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर मोजली जात होती. माझे मूळ वेतन 9,800 आणि महागाई भत्ता 3,200, म्हणजे 13,000 रुपये होते. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की एका वर्षाचे 7,500 रुपये येतात. माझी सेवा 6 वर्षे 8 महिने झाली होती. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला तर तो पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 7 वर्षे आणि 52,500 रुपये. अनेक ठिकाणी महिन्याला 26 ऐवजी 30 ने भागतात किंवा वरचे महिने सोडून देतात, त्यामुळे हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

मागणी करण्यासाठी तेव्हा ठरलेला अर्ज होता, त्याला नमुना ‘आय’ म्हणत. त्यात नाव, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचे वेतन आणि मागितलेली रक्कम एवढेच भरायचे असे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत तो मालकाकडे पाठवायचा असे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण वेळेत पाठवलेला बरा. मी तो एप्रिलच्या मध्यात पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले. मला ते पाहून फार वाईट वाटले, पण अण्णांनी ते पाकीट फोडू नकोस, जसेच्या तसे जपून ठेव, असे बजावले. योग्य पत्त्यावर पाठवलेले टपाल नाकारले तर ते पोहोचले असेच सर्वसाधारणपणे धरले जाते, आणि बंद पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा हाच त्याचा पुरावा असतो. त्याच अर्जाची प्रत मी कंपनीच्या ईमेलवरही पाठवून ठेवली. (2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले आहे; आता स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा घ्यावा.)

अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने लेखी उत्तर द्यायचे असे. हक्क मान्य असेल तर नमुना ‘एल’ मध्ये रक्कम आणि तारीख कळवायची आणि अमान्य असेल तर नमुना ‘एम’ मध्ये कारणासह नकार द्यायचा. माझ्याकडे यांपैकी काही आले नाही. देय झाल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत, पैसेही आले नाहीत. असे झाले की नव्वद दिवसांच्या आत नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे नमुना ‘एन’ मध्ये अर्ज करता येत असे, आणि हे काम आपल्याकडे कामगार न्यायालयाकडे असल्याने मी जूनमध्ये सांगलीच्या कामगार न्यायालयात तो दाखल केला. सोबत नेमणूकपत्र, राजीनाम्याची पोच, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पीएफचे पासबुक, ते न फोडलेले पाकीट आणि कंपनीने स्वतःच दिलेला तो छापील हिशेब जोडला. शेवटचा कागद सर्वांत उपयोगी ठरला, कारण त्यात कंपनीने 52,500 हा आकडा स्वतःच्या हाताने मान्य केला होता. मनुष्यबळ विभागाने दिलेला कोणताही हिशेब, तो पटला नाही तरी, परत करू नये.

आता पगार आणि रजेची बाजू. येथे दार वेगळे होते. माझा मासिक पगार 24,000 रुपयांच्या आत असल्याने वेतन प्रदान अधिनियम 1936 मला लागू होता, आणि त्या कायद्याखाली बारा महिन्यांच्या आत दावा करता येत होता. रजेबाबत तेव्हाचा कारखाने अधिनियम आणखी स्पष्ट होता: कामगाराने नोकरी सोडली तर शिल्लक रजेचे पैसे दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी द्यावे लागत. तरीही मी थेट दावा न करता प्रथम सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. तेथील सरकारी कामगार अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावून घेतात. त्यांना न्यायाधीशासारखा निवाडा करता येत नाही, हे आधी माहीत असलेले बरे, नाहीतर पहिल्या तारखेला निराशा होते. पण त्यांच्या समोर मालकाला आपली बाजू कागदावर मांडावी लागते, आणि तेथेच बऱ्याच गोष्टी उघड होतात.

कंपनीच्या प्रतिनिधीने तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेचे परिपत्रक काढून दाखवले. त्यावर 2021 ची तारीख होती. अधिकाऱ्यांनी एवढेच विचारले की हा बदल या कर्मचाऱ्याला केव्हा कळवला आणि तिची सही कोठे आहे. सही नव्हती, परिपत्रक फलकावर लावले होते, असे उत्तर आले. माझ्या नेमणूकपत्रावर मात्र दोघांच्याही सह्या होत्या आणि त्यात एक महिना लिहिला होता. शिवाय माझा राजीनामा स्वीकारल्याचे जे ईमेल आले होते, त्यात ‘31 मार्च 2023 रोजी कामकाज संपल्यावर आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे’ असे वाक्य होते. तीन महिने हवे होते तर 31 मार्चला कार्यमुक्त का केले, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. राजीनामा देणाऱ्याने स्वीकृतीचे असे एक ओळीचे उत्तर मागून घेणे आणि ते खासगी ईमेलवर ठेवणे किती गरजेचे आहे, हे मला त्या बैठकीत कळले, कारण कंपनीचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद झाला होता.

मायक्रोमीटरचा आरोप मला अधिक बोचला होता, कारण तो प्रामाणिकपणावर होता. आमच्या विभागात प्रत्येक मापन उपकरणाला क्रमांक असतो आणि त्याच्या कॅलिब्रेशनची नोंद असते. शेवटच्या आठवड्यात मी व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज अशी सर्व उपकरणे क्रमांकासह यादी करून स्टोअरमध्ये जमा केली होती आणि स्टोअरकीपरची सही घेऊन त्या यादीचा फोटो ठेवला होता. तो क्रमांक त्या यादीत होता. अधिकाऱ्यांनी यादी वाचून कंपनीच्या प्रतिनिधीकडे दिली, आणि ही वजावट तेथेच मागे घेण्यात आली. ‘नो ड्यूज’चा छापील फॉर्म कंपनी देत नसेल, किंवा त्यावर एका विभागाची सही मुद्दाम रखडवत असेल, तर अशी स्वतःची यादी त्याच्या जागी उभी राहते.

अनुभवाच्या दाखल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि येथे मी कोणालाही खोटी आशा दाखवू इच्छित नाही. ग्रॅच्युइटीसाठी जसा ठरलेला अर्ज, ठरलेली मुदत आणि व्याज आहे, तसे दाखल्यासाठी नाही. स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे प्रमाणित नियम, लागू असलेल्या आस्थापनेत कामगाराला सेवेचा दाखला मागता येतो आणि मी माझ्या तक्रारीत ती मागणी केलीच होती. पण व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तेवढाही आधार नसतो, त्याला नेमणूकपत्रातील अट आणि वकिलाची नोटीस एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून दाखला मिळेपर्यंत त्याचे काम दुसऱ्या कोणत्या कागदाने भागेल, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे. नव्या कंपनीला खरे तर दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: तुम्ही तेथे खरोखर इतकी वर्षे होतात का, आणि तेथून सुटला आहात का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत असते. सदस्य पोर्टलवर `View` या शीर्षकाखाली `Service History` उघडले की आस्थापनेचे नाव, रुजू होण्याची तारीख आणि सोडण्याची तारीख दिसते, आणि ही नोंद सरकारी असल्याने तिला खासगी दाखल्याइतकेच, किंबहुना अधिक, वजन मिळते. माझी अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. जुन्या कंपनीने सोडण्याची तारीख भरलीच नव्हती. त्यामुळे एप्रिलपासून नव्या कंपनीची वर्गणी जमा होऊ लागली, तरी नोंदीवर मी एकाच वेळी दोन्हीकडे नोकरीत आहे असे दिसत होते, आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वर्गही होत नव्हती. नव्या कंपनीतील बाईंनी समजूतदारपणे दोन महिने मुदत दिली.

ही तारीख भरण्याचा अधिकार केवळ मालकाकडे आहे, असा समज आमच्याकडे सर्रास आहे आणि त्याचाच धाक दाखवला जातो. तो समज चुकीचा आहे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सदस्य स्वतः पोर्टलवर `Manage` मधील `Mark Exit` येथे जाऊन, जुन्या आस्थापनेचा खाते क्रमांक निवडून, तारीख आणि कारण भरू शकतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि नोंद होते. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातील असावी लागते, म्हणून आधी पासबुकमध्ये शेवटच्या महिन्याची वर्गणी खरोखर जमा झाली आहे का, ते पाहावे. नसेल झाली, तर आधी `epfigms.gov.in` वर तक्रार करावी. सांगलीची प्रकरणे कोल्हापूरच्या कार्यालयाकडे जातात. एकदा भरलेली तारीख सदस्याला सहज बदलता येत नाही, त्यामुळे ती राजीनामा-स्वीकृतीच्या पत्राशी ताडून मगच भरावी. मी जूनमध्ये 31 मार्च ही तारीख भरली आणि त्यानंतर रक्कम वर्ग करण्याचा मार्ग मोकळा झाला. नव्या कंपनीला मी सेवेची ही नोंद, नेमणूकपत्र, पहिली आणि शेवटची पगारपावती, बँकेचा उतारा आणि कार्यमुक्तीचे ईमेल एकत्र करून दिले. माझ्या पगारातून प्राप्तिकर कापला जात नसल्याने फॉर्म 16 नव्हता, तोही त्यांनी मागितला नाही. माझी नोकरी कायम झाली ती या कागदांवर. दाखला तोवर आलेला नव्हता.

कामगार न्यायालयाची नोटीस पोहोचल्यावर कंपनीचा सूर बदलला. ग्रॅच्युइटी उशिरा दिल्यास तेव्हा वार्षिक 10 टक्के दराने साधे व्याज द्यावे लागत होते, आणि आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होतात, हे त्यांच्या वकिलांना माहीत होते. त्यांनी तडजोडीची तयारी दाखवली, पण पुन्हा तोच ‘कोणतीही मागणी नाही’ असा कागद पुढे केला. ग्रॅच्युइटीचा हक्क अशा सहीने कायद्याने संपत नाही, कारण त्या कायद्याविरुद्धचा करार टिकत नाही. पण पगार, रजा आणि बोनसबाबत अशी सही पुढे फार अडचणीची ठरते, कारण ती दबावाखाली घेतली हे आपल्याला सिद्ध करावे लागते. म्हणून मी प्रत्येक रकमेची वेगळी पावती देईन, तिच्यावर फक्त ती रक्कम कशापोटी मिळाली एवढेच लिहीन, असे कळवले. ऑक्टोबरच्या अखेरीस ग्रॅच्युइटीचे 52,500 रुपये आणि सहा महिन्यांचे व्याज 2,625 रुपये माझ्या खात्यात जमा झाले. त्याच आठवड्यात कामगार अधिकाऱ्यांसमोर पगार आणि रजेची पूर्ण रक्कम, दोन महिन्यांची वजावट न करता, देण्यात आली.

बोनस राहिला होता. दिवाळीपूर्वी नोकरी सोडली की बोनस जातो, असे कारखान्यात सगळेच मानतात. प्रत्यक्षात बोनस मागील आर्थिक वर्षातील कामाचा असतो. त्या वर्षात किमान तीस दिवस काम केले असेल आणि वेतनमर्यादेत बसत असाल, तर राजीनामा दिलेल्यालाही तो मिळतो. मी 2022-23 हे पूर्ण वर्ष काम केले होते. त्याची लेखी आठवण दिल्यावर नोव्हेंबरमध्ये तो इतरांबरोबर मिळाला. दाखलाही त्याच सुमारास आला: पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, एवढ्या दोन ओळी. वर्तणुकीविषयी चांगला शब्द लिहावा असा आग्रह मी धरला नाही, कारण तो मागण्याचा हक्क कोणत्याही कायद्यात नाही. तारखा बरोबर आहेत का, एवढेच तपासले.

माझे प्रकरण जुन्या कायद्यांखालचे आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यात या विषयापुरते तीन बदल मोठे आहेत. वेतन संहितेच्या कलम 17 नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यालाही देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि ही तरतूद 24,000 रुपयांच्या मर्यादेत अडकलेली नाही. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही तिच्या कक्षेत येतात. दावा करण्याची मुदत आता तीन वर्षांची आहे. आणि वेतनाची व्याख्या बदलली असून, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो; मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवलेल्या पगारावर आता ग्रॅच्युइटी अधिक बसेल. 15 भागिले 26 हे सूत्र आणि तीस दिवसांची मुदत मात्र तशीच आहे. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अटही तशीच आहे. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला मात्र एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये कधीच दहा माणसे नव्हती, त्याला ग्रॅच्युइटी लागू होत नाही, तेथे वेतनाचा दावा आणि पीएफ असेल तर त्याची नोंद, हेच दोन आधार उरतात.